तोटा होत असताना माल काढायचा की कारखाना थांबवायचा?

प्रश्न: पूर्ण स्पर्धेच्या धड्यात दोन नियम दिलेत. किंमत आणि सीमांत खर्च सारखे होतात तितकं उत्पादन करा, आणि किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या खाली गेली तर उत्पादन बंद करा. पाठ झालेत, पण पटत नाहीत. प्रत्येक नगामागे तोटा दिसत असताना माल काढत राहणं हे शहाणपण कसं? आणि भाडं वगैरे स्थिर खर्च भरून निघत नसेल तर तो हिशेबातून वगळायचा कसा?

उत्तर:

गोंधळ ‘नगामागे तोटा’ या शब्दांत आहे. नगामागे खर्च किती, हे नग किती काढले हे ठरल्यावरच कळतं. तो आकडा निर्णयाच्या नंतर जन्माला येतो आणि आपण त्यालाच निर्णय विचारायला जातो. मी बरीच वर्षं कारखान्यांची खर्चपत्रकं बनवली आणि तपासली, आणि ही चूक विद्यार्थ्यांपेक्षा अनुभवी मालकांकडून जास्त वेळा होताना पाहिली. तेव्हा एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

एक छोटी उद्योगसंस्था आहे. तिच्यासारखाच माल काढणाऱ्या शेकडो संस्था बाजारात आहेत, त्यामुळे किंमत बाजार ठरवतो आणि हिला ती मुकाट्याने घ्यावी लागते. त्या किमतीला हवे तितके नग विकले जातात. जागेचं भाडं, विमा आणि कायम माणसांचे पगार मिळून रोज १५० खर्च होतो, एकही नग निघाला नाही तरी. चलन कुठलंही धरा. कच्चा माल, यंत्राची वीज, नगावर दिली जाणारी मजुरी हा बदलता खर्च, आणि तो असा वाढतो:

| रोजचे नग | एकूण बदलता खर्च | शेवटच्या नगाचा सीमांत खर्च | सरासरी बदलता खर्च |
|---|---|---|---|
| १ | ४९ | ४९ | ४९ |
| २ | ८० | ३१ | ४० |
| ३ | ९९ | १९ | ३३ |
| ४ | ११२ | १३ | २८ |
| ५ | १२५ | १३ | २५ |
| ६ | १४४ | १९ | २४ |
| ७ | १७५ | ३१ | २५ |
| ८ | २२४ | ४९ | २८ |
| ९ | २९७ | ७३ | ३३ |

सीमांत खर्च, म्हणजे पुढचा एक नग काढायला लागणारा जादा खर्च, आधी उतरतो आणि मग चढतो. पहिल्या नगासाठी यंत्र तापवायचं, माणसं कामाला लावायची, मांडामांड करायची. पुढचे नग त्याच मांडणीवर स्वस्तात निघतात. पाचव्यानंतर मात्र त्याच जागेत, त्याच यंत्रावर दाटी होते. जादा वेळेची मजुरी द्यावी लागते, माल खराब होण्याचं प्रमाण वाढतं.

आता बाजारात किंमत ४० आहे असं धरू. सातवा नग काढायला ३१ लागतात आणि हातात ४० येतात, म्हणजे ९ जास्त मिळतात. आठव्याला ४९ लागतात, मिळतात ४०. तिथे ९ जातात. म्हणून सातवर थांबायचं. पुस्तकातली वक्ररेषा सलग असते म्हणून तिथे किंमत आणि सीमांत खर्च अगदी तंतोतंत जुळतात. मोजता येणाऱ्या नगांत तसं क्वचितच होतं. तिथे ज्याचा सीमांत खर्च किमतीपेक्षा जास्त नाही, असा चढत्या बाजूचा शेवटचा नग पकडायचा.

‘चढत्या बाजूचा’ हे शब्द उगाच घातलेले नाहीत. तक्ता वरून वाचायला लागलात तर पहिल्याच नगाचा सीमांत खर्च ४९ आहे, किमतीपेक्षा जास्त. नियम यंत्रासारखा लावणारा तिथेच थांबेल आणि शून्य म्हणेल. दुसऱ्या नगापर्यंत पोचलात तरी मिळालेले ८० आणि बदलता खर्च ८०, हाती काही नाही. कमाई तिसऱ्या नगापासून सुरू होते. किंमत आणि सीमांत खर्च दोन ठिकाणी एकमेकांना ओलांडतात: एकदा सीमांत खर्च उतरताना आणि एकदा चढताना. उतरतानाच्या ठिकाणी स्थिती सगळ्यात वाईट असते, कारण तोवरचे सगळे नग किमतीपेक्षा महाग पडलेले असतात आणि स्वस्त नग अजून यायचे असतात. परीक्षेत समीकरण सोडवून दोन उत्तरं आली की लहान उत्तर टाकून का द्यायचं, त्याचं कारण हेच.

तर सात नग. विक्रीतून २८०, बदलता खर्च १७५, हातात उरले १०५. हिशेबनीस याला काँट्रिब्युशन म्हणतात. मी साधं ‘उरलेली रक्कम’ म्हणतो. भाडं वगैरे १५०, म्हणून दिवसाचा तोटा ४५.

हे पाहून मालक म्हणतो, बंद करू. पण बंद केल्यावर काय होतं? विक्री शून्य, बदलता खर्च शून्य, आणि १५० तसेच द्यायचे. तोटा १५०. चालू ठेवला तर ४५. हे १५० दोन्ही पर्यायांत जसेच्या तसे आहेत, त्यामुळे पर्यायांमधला फरक काढताना ते आपोआप उडतात. ते कमी महत्त्वाचे आहेत असं कुणी म्हणत नाही. नफा-तोट्याच्या पत्रकात ते पूर्ण दिसतातच. ‘आज माल काढायचा का’ एवढ्या एका प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नाही.

आता किंमत उतरवत जाऊ. २७ झाली. सातव्या नगाला ३१ लागतात, तो गेला. सहाव्याला १९ लागतात, तो राहिला. सहा नगांचे १६२ आले, बदलता खर्च १४४, उरले १८. तोटा १३२. भयंकर दिसतो, पण १५० पेक्षा १८ ने कमी आहे. किंमत २२ झाली तर? सहाव्या नगाचे १९ अजूनही २२ पेक्षा कमी आहेत, म्हणजे पहिला नियम अजून सहाच सांगतो. पण सहा नगांचे १३२ येतात आणि बदलता खर्च १४४. खिशातून १२ घालावे लागले, एकूण तोटा १६२. इथे थांबायचं.

इथे दोन नियमांची कामं वेगळी होतात. किंमत बरोबर सीमांत खर्च हा नियम फक्त एवढंच सांगतो की चालवायचंच असेल तर कोणतं प्रमाण सगळ्यात बरं. २२ च्या किमतीला पाच नग काढले तर १५ जातात, सात काढले तर २१ जातात, सहा काढले तर १२. म्हणजे चालू पर्यायांत सहा खरोखरच सर्वांत कमी वाईट आहे. पण चालवावं का, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. शून्याशी तुलना वेगळी करावी लागते.

ती तुलना सरासरी बदलत्या खर्चाने का होते हे सूत्रात लगेच दिसतं. उरलेली रक्कम म्हणजे नगसंख्या गुणिले (किंमत वजा सरासरी बदलता खर्च). नगसंख्या ऋण नसते, म्हणून सगळं कंसावर अवलंबून आहे. तक्त्यात सरासरी बदलता खर्च कुठेही २४ च्या खाली जात नाही. किंमत २४ च्या खाली गेली की किती नग काढले तरी कंस ऋणच राहणार, आणि वर असेल तर निदान सहा नगांपाशी तो धन असणार. म्हणून सरासरी बदलत्या खर्चाचा तळ, इथे २४, हा बंद बिंदू. बरोबर २४ ला सहा नग काढले काय आणि कुलूप लावलं काय, तोटा १५० च.

याचा एक परिणाम मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. किंमत २४ च्या जरा वर असताना ही संस्था सहा नग काढते आणि जरा खाली गेली की शून्य. मधले एक ते पाच नग ती कुठल्याही किमतीला काढत नाही. पुरवठ्याची रेषा म्हणजे सीमांत खर्चाच्या रेषेचा २४ च्या वरचा तुकडा, आणि त्याखाली थेट शून्यावर उडी. प्रत्यक्षात लोक नेमकं मधलं काहीतरी करतात. भाव पडला, ‘सावधपणे निम्म्यावर आणू’ म्हणतात. २२ च्या किमतीला तीन नग काढून पाहा: ६६ आले, ९९ गेले, ३३ चा खड्डा. पूर्ण सहा काढले असते तर १२ गेले असते, काहीच काढलं नसतं तर एकही नाही. अर्धवट चालवणं दोन्हीपेक्षा वाईट, कारण मांडामांडीचा महाग भाग पूर्ण भरला आणि स्वस्त नगांपर्यंत पोचलोच नाही.

तुमच्या ‘नगामागे तोटा’कडे परत येतो. एका कारखान्यात मी पत्रकं तपासत होतो, तिथे स्थिर खर्च नगांवर वाटून ‘एका नगाची किंमत’ म्हणून भिंतीवर लावलेला असे. तो वाटा बदलत्या खर्चात मिसळलेला, वेगळा दाखवलेलाच नाही. आपल्या तक्त्यावर तेच करून पाहू. सात नगांना एकूण खर्च ३२५, म्हणजे नगामागे साधारण ४६. बाजारात ४०. ‘प्रत्येक नगात ६ बुडतात, कमी काढू,’ असं ठरलं. चारवर आणले. आता १५० चा भार चार नगांवर आला, नगामागे खर्च ६५ च्या पुढे गेला. भिंतीवरचा आकडा वाढला म्हणून आणखी कपात. मालकाला वाटत होतं आपण तोटा अडवतोय. प्रत्यक्षात चार नगांना १६० येत होते, बदलता खर्च ११२, उरत होते ४८. सात नगांना उरले असते १०५. काटकसरीच्या नावाखाली तो रोज ५७ सोडून देत होता. उत्पादन कमी केल्यावर नगाचा खर्च वाढत चाललाय, असं एखाद्या पत्रकात दिसलं, तर आधी त्यात स्थिर खर्चाचा वाटा मिसळलाय का ते बघा. दहापैकी नऊ वेळा तेच असतं. (ही मोजणी नव्हे, माझा अंदाज.)

धड्यात स्थिर आणि बदलता असे दोन स्वच्छ रकाने असतात. खऱ्या कामात सगळा झगडा कोणता खर्च कुठल्या रकान्यात बसतो याचाच असतो, आणि रकाना चुकला की नियम बरोबर लावूनही उत्तर चुकतं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: उद्या एकही नग काढला नाही तर हा खर्च वाचेल का? वाचत असेल तर तो तुलनेत येतो, मग वहीत त्याचं नाव काहीही असो.

मजुरी घ्या. शिकवताना ती नेहमी बदलती. पण माणसं महिन्याच्या पगारावर असतील आणि काम नसलं तरी पगार द्यायचाच असेल, तर त्या महिन्यापुरती ती स्थिर आहे आणि बंद बिंदू खाली सरकतो. वीजबिलात मंजूर भाराचा ठरावीक आकार असतो आणि वापरलेल्या युनिटांचा वेगळा. पहिला स्थिर, दुसरा बदलता. बिल एकच म्हणून पूर्ण रक्कम एका रकान्यात टाकणं चूक. कच्च्या मालात तर भलेभले फसतात. गोदामात पडलेला माल एका नगामागे १० ला घेतला होता, आज तो बाहेर ६ ला विकला जातो. तर या निर्णयासाठी त्याचा खर्च ६. ते १० केव्हाच गेले, माल काढा किंवा न काढा. उलट त्याचा बाजारभाव १४ झाला असेल तर खर्च १४ धरायचा, कारण तो वापरून टाकला की १४ ला विकायची संधी गेली. भाव चढता असताना जुन्या खरेदी किमतीवर हिशेब करणाऱ्याला चालू ठेवणं फायद्याचं दिसतं. प्रत्यक्षात तो आज महाग झालेला माल पक्क्या रूपात त्याहून स्वस्तात विकत असू शकतो.

तिसरा एक प्रकार आहे जो दोन्ही रकान्यांत नीट बसत नाही. नग एक काढा की आठ, खर्च तेवढाच. पण पूर्ण बंद केलं तर वाचतो. पाळीचा देखरेख्या, आवाराचे दिवे, पाणी उपसणारा पंप. समजा आपल्या १५० पैकी ३० असे आहेत. आता बंद केलं तर तोटा १५० नाही, १२० होतो. २७ च्या किमतीला सहा नगांतून १८ उरत होते, त्यासाठी ३० खर्चावे लागतात, म्हणजे बंद करणंच बरं. नवी मर्यादा काढायला हे ३० बदलत्या खर्चात मिळवून सरासरी घ्यायची: सहा नगांना १७४, म्हणजे नगामागे २९. सातला ती २९ च्या थोडी वर येते, पाचला ३१. म्हणून आता बंद बिंदू २९. गंमत अशी की चालू असताना नग किती, हे मात्र बदलत नाही. हे ३० एका नगाने हलत नाहीत, त्यामुळे सीमांत खर्चात त्यांचा पत्ता नाही. नियमाचं नेमकं रूप म्हणूनच ‘टाळता येणाऱ्या खर्चाची सरासरी’ असं आहे. सरासरी बदलता खर्च हे त्याचं सोपं रूप, सगळा स्थिर खर्च अटळ असतो तेव्हाचं.

आणि बंद करणं, पुन्हा चालू करणं हेही फुकट नसतं. धड्यातली संस्था दिवा मालवावा तशी बंद होते. अॅल्युमिनियम वितळवणाऱ्या कारखान्यात काही तास वीज गेली तर भांड्यातला धातू थिजतो आणि ती भांडी पुन्हा कामात आणायला मोठा खर्च येतो. काचेची भट्टी तर वर्षानुवर्षं विझवतच नाहीत. अशा ठिकाणी किंमत बंद बिंदूच्या खाली गेली तरी काही काळ चालवणं योग्य ठरतं. आपल्या तक्त्यावर, ते ३० बाजूला ठेवून, किंमत २२ धरा. रोज १२ खिशातून जातात. बंद करून पुन्हा उघडायला एकदाच ४० लागत असतील आणि भाव तीन दिवसांत सावरेल असं पक्कं वाटत असेल, तर ३६ सोसणं ४० पेक्षा स्वस्त. चार दिवस लागणार असतील तर ४८ जातील, मग बंदच. म्हणून कुणी तोट्यात माल काढताना दिसला की तो नियम मोडतोय असं लगेच म्हणू नका. आधी त्याचा पुन्हा उघडण्याचा खर्च आणि भावाबद्दलचा त्याचा अंदाज विचारा. अंदाज चुकीचा असू शकतो, पण हिशेब तोच आहे.

२०२० च्या वसंतात तेलाची मागणी कोसळली तेव्हा हे जगाला दिसलं. २० एप्रिलला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्या एका दिवसाच्या आकड्यावरून विहिरींचा निर्णय कुणी घेत नाही. तो वायद्याची मुदत आणि साठवणुकीची टंचाई यांचा खेळ होता. पण त्या आठवड्यांत प्रत्यक्ष भावही इतके पडले की अमेरिकेत अनेक उत्पादकांनी चालू विहिरी बंद केल्या, आणि उन्हाळ्यात भाव सावरल्यावर त्यांतल्या बऱ्याच पुन्हा उघडल्या. विहीर खणायचा खर्च तेव्हाही प्रचंडच होता, पण तो आधीच होऊन गेला होता. तेल वर काढणं, वाहून नेणं, सोबत येणाऱ्या पाण्याची विल्हेवाट लावणं एवढ्याचीच भावाशी तुलना झाली. बंद करणं म्हणजे धंदा सोडणं नव्हे, हेही त्यात आलं.

एक मर्यादा पटकन सांगून टाकतो. हे सगळं किंमत तुमच्या हातात नसताना आहे. तुम्ही जास्त माल आणल्याने भाव उतरत असेल, तर पुढच्या नगातून मिळणारी रक्कम किमतीपेक्षा कमी असते. मग सीमांत खर्चाशी तुलना किमतीची न करता सीमांत प्राप्तीची करावी लागते. बंद करण्याची कसोटी मात्र तीच राहते: विक्रीतून टाळता येणारा खर्च निघतो का.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, स्थिर खर्च कधीच भरून निघत नसेल तर. तो कायमचा वगळा असं नियम म्हणत नाही. तो वगळायचा आहे जोवर त्यातून सुटता येत नाही तोवर, आणि अल्पकाळ म्हणजे नेमका तेवढाच काळ. तो महिन्यांत मोजायचा नसतो, करारांत मोजायचा असतो. आपल्या संस्थेचा भाडेकरार, विमा आणि नेमणुका सगळ्या एकाच दिवशी संपतात असं धरा. त्याच्या आदल्या दिवशी ४० ची किंमत २४ शी ताडून बघायची. सात नग काढायचे, ४५ चा तोटा घ्यायचा, आणि ते बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सही करायची की नाही हे ठरवताना १५० टाळता येण्यासारखे झालेले असतात. आता तीच ४० ची किंमत एकूण सरासरी खर्चाच्या तळाशी, म्हणजे सात नगांच्या ४६.४ शी ताडायची. पुढेही ४० च मिळतील असं दिसत असेल, तर सही करायची नाही.